कोणाच्या शंभरातले?

परवा कोपरखैरण्यातल्या एका विरंगुळा केंद्रात बोलायला गेलो होतो. विषय होता 'सशर्त संभाव्यता'. नाव ऐकून पळून जाऊ नका. अकरावीच्या गणितात हा धडा असतो आणि मी तो बरीच वर्षं शिकवला. एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी घडण्याची शक्यता किती, एवढाच त्याचा अर्थ. केंद्रातल्या मंडळींनी बातम्यांतल्या आकड्यांवर बोला म्हणून सांगितलं होतं. म्हणून कोविडच्या काळातली उदाहरणं घेऊन पंधरा-सोळा स्लाइड केल्या होत्या.

सुरुवात आंब्याने केली. हापूस आहे म्हणजे आंबा आहे, हे शंभर टक्के. पण आंबा आहे म्हणजे हापूस आहे का? तुर्भ्याच्या फळबाजारात ज्याने एकदा तरी पेटी घेतली आहे, तो यावर हसणारच. सगळे हसले. पेटीवर देवगड लिहिलेलं असलं तरी नाही, असं मागून कोणीतरी म्हणालं, तेव्हा आणखी हसले. मी पडद्यावर दाखवलं की P(A|B) आणि P(B|A) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'B असेल तर A' आणि 'A असेल तर B'. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, समजलं.

खरं व्याख्यान प्रश्नोत्तरांत सुरू झालं. आणि त्यात सगळ्यात मोठी चूक माझीच निघाली, म्हणून हे लिहितोय.

अँटिजेन चाचणीच्या स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चाचणी ९९ टक्के अचूक'. एका ताईंनी हात वर केला. बँकेतून निवृत्त झालेल्या, आकड्यांना न घाबरणाऱ्या. म्हणाल्या, "सर, चाचणी ९९ टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले नव्याण्णव खरोखर बाधित. मग तेव्हा लोक उगाच का म्हणायचे की रिपोर्ट चुकलाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. एक मामा होते, टोपीवाले. बाजारात माथाडी होते, आता घरी असतात. म्हणाले, "सर, ते पाटीवर ९९ लिवलंय. ते कोणाच्या शंभरातले?"

एवढाच प्रश्न. मी दोन मिनिटं गप्प उभा होतो. कारण माझ्या स्लाइडवर त्याचं उत्तरच नव्हतं.

आता ते उत्तर नीट देतो. जून २०२० मध्ये आयसीएमआरने पहिल्या अँटिजेन किटला, स्टँडर्ड क्यू नावाच्या, मान्यता दिली. तेव्हाच्या सूचनेत त्यांनी दोन आकडे दिले होते. पहिला: ज्यांना लागण झालेली नाही अशा लोकांत हे किट ९९.३ ते १०० टक्के वेळा निगेटिव्ह दाखवतं. दुसरा: ज्यांना लागण झालेली आहे अशांत ते ५०.६ ते ८४ टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवतं. म्हणजे किट निरोग्याला सहसा नाडत नाही, पण बाधिताला बऱ्याचदा सोडून देतं.

माझ्या स्लाइडवरचे ९९ हे पहिल्या आकड्यातले होते. ते निरोगी लोकांच्या शंभरातले. ताईंनी ते पॉझिटिव्ह आलेल्यांच्या शंभरातले समजून घेतले. त्यात त्यांची चूक नव्हती. मी 'अचूक' असा शब्द लिहून कोणाचे शंभर ते झाकून टाकलं होतं. आंब्यावर हसणाऱ्या त्याच माणसांसमोर मी आंब्याला हापूस म्हणून विकला होता.

मग फळ्यावर सरळ माणसं मोजली. टक्के नको, माणसं. तुम्हीही कागद घ्या.

समजा एका वसाहतीत शिबिर लावलं आणि येईल त्याची चाचणी केली. लक्षणं असोत-नसोत. दहा हजार माणसं आली आणि खरी लागण शंभरात एकाला आहे असं धरू. म्हणजे १०० बाधित, ९,९०० निरोगी. किट बाधितांपैकी ७० टक्के पकडतं असं मधलं माप घेऊ. ७० जण पॉझिटिव्ह आले, ३० सुटले. आता निरोग्यांकडे या. ९९.३ टक्के बरोबर म्हणजे हजारात सात चुकीचे. ९,९०० मध्ये साधारण ६९ जण. यांना काही झालेलं नाही, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह.

एकूण पॉझिटिव्ह किती? ७० आणि ६९, म्हणजे १३९. त्यातले खरे बाधित ७०. निम्मे!

ताई म्हणाल्या, "म्हणजे ९९ टक्क्यांचं ५० टक्के झालं?" मी म्हटलं, नाही ताई. ९९ अजून ९९च आहे, निरोग्यांच्या शंभरातलं. आणि ५० हे पॉझिटिव्ह आलेल्यांच्या शंभरातलं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. फक्त दिशा उलटी आहे.

आता तेच किट घ्या आणि तापाच्या ओपीडीत जा. तिथे ताप, खोकला, वास गेलेला अशीच माणसं येतात. समजा तिथे दर पाचात एक बाधित आहे. दहा हजारांत २,००० बाधित, ८,००० दुसऱ्या कशाने आजारी. बाधितांपैकी १,४०० पकडले, ६०० सुटले. उरलेल्या ८,००० मध्ये चुकून पॉझिटिव्ह फक्त ५६. म्हणजे १,४५६ पॉझिटिव्हपैकी १,४०० खरे, शंभरात ९६. इथे पॉझिटिव्ह रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही. पण निगेटिव्हकडे बघा. ८,५४४ जणांना 'काही नाही' सांगितलं, त्यातले ६०० बाधित. चौदा जणांमागे एक माणूस आजार घेऊन लोकलमध्ये चढला.

किट तेच, डबा तोच, नाकात घालायची काडी तीच. शिबिरात 'पॉझिटिव्ह' कच्चा आणि 'निगेटिव्ह' पक्का. ओपीडीत 'पॉझिटिव्ह' पक्का आणि 'निगेटिव्ह' कच्चा. फरक किटमध्ये नाही, समोर कोण बसलंय यात आहे. आयसीएमआरचा तेव्हाचा नियम आठवत असेल: पॉझिटिव्ह आला तर तो पॉझिटिव्हच धरायचा, आणि लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करायची. ओपीडीच्या गणितात हा नियम चोख बसतो. सरसकट शिबिरात त्याचा पहिला अर्धा भाग तितका बसत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी ९९.३ हे खालचं टोक घेतलं. किट खरोखर शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर ते ६९ जवळजवळ शून्य होतात आणि शिबिरातलाही पॉझिटिव्ह पक्का ठरतो. हजारात सात की हजारात शून्य, एवढ्याशा फरकावर सगळं फिरतं. म्हणून नुसतं 'अचूक' म्हणून चालत नाही.

तासभर झाला होता. मला वाटलं आता चहा येईल. पण मामा बसले नव्हते. त्यांचा दुसरा प्रश्न होता आणि तो चाचणीबद्दल नव्हता.

"सर, मग २०२० च्या मे मध्ये आमच्या सोसायटीत कागद लावला होता. 'बहुतेक रुग्ण मार्केटशी संबंधित आहेत, सबब मार्केटमध्ये काम करणाऱ्यांनी आपली राहण्याची सोय बाहेर करावी.' ते कोणाच्या शंभरातलं होतं?"

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. त्या एप्रिल-मे मध्ये एपीएमसी बाजार नवी मुंबईतलं मोठं संसर्गाचं ठिकाण झाला होता. भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला, दाणाबंदर, या पाच बाजारांवर अख्ख्या मुंबईचं स्वयंपाकघर चालतं. त्यामुळे टाळेबंदीतही बाजार चालू ठेवावे लागले. शेवटी ११ ते १७ मे या आठवड्यात बंद ठेवले. व्यापारी, माथाडी, चालक, त्यांच्या घरची माणसं बाधित निघत होती, हे खरंच होतं. बातम्यांत रोज यायचं की आजच्या रुग्णांत इतके मार्केटचे. त्यावरून शहरातल्या सोसायट्यांनी काय काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

मी फळ्यावर एक काल्पनिक वसाहत मांडली. हे आकडे उदाहरणाचे आहेत, कुठल्याही नोडचे नाहीत. दहा हजार वस्ती. त्यातले ८०० जण बाजारात कामाला. एकूण ५० रुग्ण सापडले, त्यातले ३० बाजारातले. बातमी काय होईल? 'साठ टक्के रुग्ण मार्केटचे.' खोटं नाही. ते रुग्णांच्या शंभरातले साठ.

आता मामांच्या बाजूने मोजा. बाजारात जाणारे ८००, त्यातले बाधित ३०. शंभरात चारसुद्धा नाहीत. ७७० माणसं धडधाकट. सोसायटीच्या गेटवर जो माथाडी उभा आहे, तो या ८०० पैकी एक आहे. वॉचमनच्या डोक्यात मात्र साठ टक्के आहेत.

एक तरुण गृहस्थ, वडिलांना घेऊन आलेले, म्हणाले, "पण सर, बाकीच्या ९,२०० मध्ये फक्त वीस. तिथे प्रमाण हजारात दोन. मार्केटवाल्यांचा धोका सतरा पट झाला की. मग सोसायटीचं चुकलं काय?" मुद्दा बरोबर होता. दिशा उलटी वाचली म्हणून बाजारातला धोका खोटा ठरत नाही. बाजारात मास्क, अंतर, चाचण्या, पाळ्या लावणं, हे सगळं करायलाच हवं होतं. पण 'इतरांपेक्षा सतरा पट' आणि 'हा माणूस बाधित आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून तुम्ही चाचणीची रांग कुठे लावायची ते ठरवा. दुसरं वाक्य खरं धरून तुम्ही माणसाला घराबाहेर ठेवता.

आणि त्या सतरा पटींतही एक गोम आहे. सापडलेले रुग्ण म्हणजे तपासलेल्यांतले रुग्ण. समजा बाजारात शिबिर लागलं आणि आठशेच्या आठशे तपासले. बाकीच्या वस्तीत मात्र ज्यांना त्रास झाला असे हजारच तपासले गेले. मग तपासलेल्यांत बाजारात शंभरात पावणेचार आणि बाहेर शंभरात दोन. सतरा पटीचं दुपटीवर आलं. खरं प्रमाण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, कारण ते हजार जण आधीच आजारी वाटणारे होते. पण जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडेल, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं. 'रुग्ण कुठले' हा आकडा रोगाबद्दल सांगतो तितकाच तपासणी कुठे झाली याबद्दलही सांगतो.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी अकरा दिवस गाळ्यात झोपलो. माझा रिपोर्ट निगेटिव्ह होता. कोणाला दाखवू?"

आता जे सांगायचं ते सांगतो. त्या मे महिन्यात मीही माझ्या सोसायटीच्या कमिटीत होतो. मामांची सोसायटी वेगळी. पण आमच्याकडेही तसाच कागद लागला होता आणि त्याचा मसुदा मी केला होता. 'बहुतेक रुग्ण' पासून 'सबब' पर्यंतचं ते वाक्य माझ्या अक्षरातलं होतं. आदल्याच वर्षी मी मुलांना हा धडा शिकवला होता. P(A|B) आणि P(B|A) वेगळे असं फळ्यावर लिहून, त्याखाली दोन रेघा मारून. परीक्षेत कोणी उलटं लिहिलं तर गुण कापायचो. आणि स्वतः भीती वाटली तेव्हा तेच उलटं लिहिलं, लेटरहेडवर, शिक्का मारून.

मी हे त्यांना तिथेच सांगितलं. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडं कोण होतं?" दोन घरं होती. एक मसाला बाजारातले हिशेबनीस, एक टेम्पोवाले. टेम्पोवाल्यांनी पुढच्या वर्षी घर विकलं.

असो.

शेवटी पुन्हा बँकेतल्या ताई. त्यांना आता ही युक्ती सापडली होती. म्हणाल्या, "मग जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने सांगितलं होतं, ऑक्सिजनवरच्या रुग्णांपैकी ९६ टक्के लोकांनी लसच घेतलेली नाही. तेही उलटंच वाचलं का आपण?"

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण इथून माणूस 'सगळे आकडे फसवे' या टोकाला जाऊ शकतो. तर बघा. ते ९६ ऑक्सिजनवर असलेल्यांच्या शंभरातले. त्यावरून 'लस न घेणाऱ्या शंभरातले ९६ ऑक्सिजनवर जातात' असं वाचलं तर ते साफ चूक. लस न घेतलेल्यांतले बहुतेक घरीच बरे झाले. पण लसीचा उपयोग झाला का, हे विचारायचं असेल तर आणखी एकच गोष्ट लागते: शहरात लस न घेतलेले होते किती? मुंबईत तोवर बहुतेक प्रौढांचा पहिला डोस झाला होता. म्हणजे लस न घेतलेल्यांचा गट लहान. लहान गटातून बहुतेक रुग्ण येत असतील तर त्या गटातल्या माणसाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असणारच. नेमका किती पट ते त्या एका आकड्यावरून निघत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

उलट शहरातले शंभरच्या शंभर लस घेतलेले असते, तर ऑक्सिजनवरचे सगळेच्या सगळे लस घेतलेले निघाले असते. आणि त्यावरून 'लसीने आजार होतो' असा मेसेज फॅमिली ग्रुपवर नक्की आला असता. आकडा तसाच्या तसा ठेवून मागची वस्ती बदला, अर्थ उलटतो.

घरी येऊन मी स्लाइड बदलली. 'चाचणी ९९ टक्के अचूक' काढलं. तिथे लिहिलं: 'लागण नसलेल्या शंभर जणांना तपासलं तर किमान नव्याण्णव जणांना किट निगेटिव्ह दाखवतं.' वाक्य लांब झालं, दिसायला चांगलं नाही. पण यात शंभर कोणाचे ते लिहिलेलं आहे.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर चौथा विषय: 'गेल्या वर्षातील तक्रारींपैकी ७० टक्के भाडेकरूंविरुद्ध असल्याने बॅचलर भाडेकरूंना फ्लॅट देण्यास मनाई करणे.' मी तक्रारवही मागून बघितली. तक्रारी एकूण दहा. सात भाडेकरूंविरुद्ध, हे खरं. सोसायटीत भाड्याचे फ्लॅट चाळीस आहेत. त्या सातही तक्रारी दोन फ्लॅटच्या आहेत, आणि त्यातल्या एकात बॅचलर नाही, कुटुंब राहतं. चाळीसपैकी अडतीस घरांबद्दल वहीत एक ओळ नाही. त्या अडतिसांतल्या एकात महापे एमआयडीसीत कामाला जाणारी तीन मुलं राहतात. रात्रपाळी करून सकाळी दूध घेऊन वर जातात. रविवारी त्यांचं घर मताला टाकायचं आहे.

ठरावाची ओळ वाचली तेव्हा मला माझंच जुनं अक्षर दिसलं. 'बहुतेक' पासून 'सबब' पर्यंत.

सभेत मी स्लाइड वगैरे दाखवणार नाही. चौथा विषय आला की उभा राहून मामांचा प्रश्न विचारणार आहे. हे सत्तर कोणाच्या शंभरातले? तक्रारींच्या की भाडेकरूंच्या? कमिटीने वही सगळ्यांसमोर उघडावी आणि मग मत घ्यावं. ज्या दोन फ्लॅटबद्दल तक्रारी आहेत, त्यांच्या मालकांना जरूर नोटीस द्या, मीच मसुदा करून देतो. या वेळी फ्लॅट नंबर घालून.

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी ओळ फिरत असेल, तर खाली लिहा. आकडा लिहा, आणि तो कोणाच्या शंभरातला तेही.